कच्च्या फाइलसाठी: वाक्यवाचनाच्या ईईजी प्रयोगाचा माझा अनुभव

संमतिपत्रे आणि वाचक मिळवणे सहज पार पडले. मी अडकले ते नवी मुंबईतील एका रुग्णालयाच्या ईईजी विभागात, म्हणजे टाळूवर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युत लहरी नोंदवतात तिथे, आणि तेही एका फाइलपायी.

अर्थाची चूक आणि व्याकरणाची चूक यांवर वाचकाच्या मेंदूत कोणत्या लहरी उमटतात हे पाहण्यासाठी माझ्या वाक्यांचे तिहेरी संच होते. ‘आजीने गरम भाकरी वाढली आणि ती ओट्यापाशी बसली’ हे सरळ वाक्य. ‘वाढली’च्या जागी ‘विणली’ घातले की अर्थ बिघडतो, ‘वाढला’ घातले की लिंगाचा मेळ बिघडतो. वाक्याच्या शेवटच्या शब्दावर समारोपाची वेगळी प्रक्रिया मिसळते, म्हणून क्रियापदापुढे ‘आणि…’ जोडले. कुटास आणि हिलयार्ड यांनी १९८० मध्ये दाखवलेली एन-४०० ही ऋण लहर ‘विणली’वर, शब्द दिसल्यापासून साधारण ३०० ते ५०० मिलिसेकंदांत अपेक्षित होती, तर ‘वाढला’वर सुमारे ५०० नंतर पी-६०० ही संथ, पसरट धन लहर.

विभागाने दिलेल्या फाइलमध्ये मात्र ‘वाढला’वरही ४०० च्या आसपास ऋण लहर दिसत होती. ती खरी मानली असती, तर व्याकरणाची चूकही आधी अर्थाच्या टप्प्यावर अडखळते आणि मग दुरुस्त होते, असा चटकदार निष्कर्ष निघाला असता. मला शंका आली, कारण यंत्रातून फाइल बाहेर काढताना १ हर्ट्झचा हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याहून संथ चढउतार गाळणारी चाळणी, लागलेला होता. रुग्णांच्या तपासणीत तो चालतो. पण तो पी-६०० सारखी संथ लहर कापतो आणि तिच्या आधी उलट दिशेचा खोटा खळगा उमटवतो. टॅनर, मॉर्गन-शॉर्ट आणि लक यांनी २०१५ मध्ये नेमका हाच धोका दाखवला होता.

यंत्रात मूळ नोंद शाबूत होती, तरी ती देण्यासाठी तंत्रज्ञ संगणक विभागाकडे, संगणक विभाग प्रशासनाकडे आणि प्रशासन पुन्हा तंत्रज्ञांकडे बोट दाखवत राहिले. ‘डॉक्टरांना असंच लागतं, मॅडम,’ हे उत्तर ऐकून माझा संयम सुटत आला होता. म्हणून सांगते, पहिल्याच अर्जात ‘फिल्टर न लावलेली मूळ नोंद, शब्द दिसल्याच्या क्षणखुणांसह’ असे स्पष्ट लिहून घ्या. (आणि वाचकांना डोक्याला तेल न लावता यायला सांगा, तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड नीट बसत नाहीत.)

अखेर मूळ नोंद हाती आल्यावर मी ती ०.१ आणि १ हर्ट्झ अशा दोन्ही फिल्टरांनी तपासली. ०.१ वर ‘वाढला’पुढचा तो खळगा नाहीसा झाला आणि पी-६०० उरली, ‘विणली’वरची एन-४०० दोन्हींकडे टिकली.

तरीही यावरून ‘आधी अर्थ, मग व्याकरण’ असे म्हणता येत नाही. लहर ६०० ला दिसते म्हणजे मेळ तेव्हाच तपासला जातो असे नव्हे; फरक तोपर्यंत नोंदला गेलेला असतो, एवढेच कळते. शिवाय किम आणि ऑस्टरहाउट यांच्या २००५ च्या प्रयोगात ‘भरपेट जेवण मुलांना गिळंकृत करत होते’ अशा धाटणीच्या इंग्रजी वाक्यांवर, व्याकरण निर्दोष असूनही, एन-४०० ऐवजी पी-६०० उमटली. माझ्या संचांत तशी, खाणारा आणि खाल्ले जाणारे यांच्या भूमिका उलटवलेली वाक्ये नव्हती, त्यामुळे पी-६०० फक्त व्याकरणाचीच का, या वादावर ही नोंद काहीच सांगत नाही.