पन्नासच्या नोटेतला रथ

हंपीच्या विठ्ठल मंदिरात शिरलं की आधी रथ दिसतो. त्याच्यासमोर उभं राहून बाबांनी खिशातून एक घडी घातलेली पन्नासची नोट काढली आणि ती रथाच्या रेषेत धरून बराच वेळ बघत राहिले. ती नोट मीच त्यांना दिली होती. आमचा प्रवास खरं तर तिथूनच, सहा आठवडे आधी घरच्या जेवणाच्या टेबलावर सुरू झाला होता.

आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. ठिकाण मी आणि ताईनं गुपचूप ठरवलं होतं. ते सगळ्यांसमोर सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन पानं लिहिली आणि ताईला वाचून दाखवली. त्यात विजयनगरचं साम्राज्य होतं, १५६५ ची लढाई होती, आणि ठिकाणाचं नाव अगदी शेवटी. ताई म्हणाली, "तोवर आई मनातल्या मनात काशीला पोहोचलेली असेल. मग हंपी ऐकून तिचा चेहरा पडला तर?" तिचं बरोबर होतं. फार ताणलं की ऐकणारा स्वतःच एखादं ठिकाण ठरवून बसतो, आणि मग खरं नाव त्याच्यापुढे फिकं पडतं. म्हणून एकच खूण द्यायची आणि तिचं उत्तरही एकच असावं, असं आम्ही ठरवलं. २०१७ पासूनच्या निळसर पन्नासच्या नोटेवर मागच्या बाजूला हंपीचा दगडी रथ आहे. त्याहून नेमकी खूण कुठे मिळणार?

जेवणं झाली, पण आई अजून ताटं उचलायला उठली नव्हती. तेवढ्यात मी उभा राहिलो. बोललो ते जवळजवळ असं:

"आई, बाबा, दोन मिनिटं बसा. चाळीस वर्षांत आपण जिथे जिथे गेलो, ते आमच्या सुट्ट्या आणि आमचे हट्ट बघून. या वेळी ठिकाण तुमच्यासाठी निवडलंय. बाबा, ही नोट उलटी करा. हा रथ बघायला आपण जातोय, हंपीला. हा रथ विठ्ठलाच्या देवळापुढे उभा आहे. आई, एक आत्ताच सांगतो, त्या देवळाचा गाभारा रिकामा आहे. पंढरपूरची मूर्ती विजयनगरला नेली होती आणि संत भानुदासांनी ती परत आणली, ही गोष्ट तूच आम्हाला सांगायचीस. ती जिथली, ती जागा तुला दाखवायची आहे. डिसेंबरात जायचं, म्हणजे ऊन सोसेल. होस्पेटपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. रोज सकाळी फिरायचं, दुपारी आराम. मातंग टेकडी चढायची सक्ती कुणालाच नाही. खर्च आम्ही दोघांनी वाटून घेतलाय, त्याबद्दल आज विचारायचं नाही. तारखा मात्र अजून बदलता येतील, त्या तुम्ही सांगा."

दोन मिनिटंही लागली नाहीत. बाबा नोट दिव्याखाली धरून बसले होते. आई गप्प होती, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मग तिनं विचारलं, "देवळापर्यंत चालायचं किती?" हा प्रश्न आला आणि मी सुटलो, कारण जायचं नसेल तर माणूस अंतर विचारत नाही. गाड्या थांबतात तिथून देऊळ साधारण एक किलोमीटरवर आहे आणि मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असतात, हे मी आधीच बघून ठेवलं होतं. तारीख तिनंच चार दिवस पुढे ढकलली. तारखा मोकळ्या ठेवल्या नसत्या, तर हा बेत तिला पूर्णपणे आमचाच वाटला असता.

गाभाऱ्याचं सांगावं की नाही, यावर ताईचं आणि माझं बरंच बोलणं झालं होतं. आनंदाच्या वेळी उणं कशाला बोलायचं, असं तिला वाटत होतं. मला वाटत होतं की मूर्तीच्या ओढीनं तिथवर गेलेल्या आईला ते दारात कळू नये.

प्रत्यक्षात तो रथ म्हणजे गरुडाचं छोटं देऊळच आहे. एकाच शिळेतला वाटतो, पण दगड जोडून केलेला आहे, आणि जवळ गेलं की सांधे दिसतात. बाबा ते सांधे शोधत रथाभोवती फिरत राहिले. पुढचे हत्ती नंतर आणून ठेवलेले आहेत, हे कळल्यावर त्यांनी पुन्हा नोट काढून तिच्यात हत्ती आहेत का ते तपासलं.

आई मात्र रथापाशी थांबली नाही. ती सरळ आत गेली. मी मागोमाग पोहोचलो तेव्हा ती गाभाऱ्यासमोरच्या अंधारात हात जोडून उभी होती. मला म्हणाली, "इथून पंढरपूर केवढं लांब आहे रे. कसं नेलं असेल त्यांनी?" आणि भिंतीला टेकून खाली बसली. बाबा तिला शोधत आले आणि तेही शेजारी बसले.