पहिला घाणा

(नागपूर. कॉटन मार्केटच्या तोंडाशी तर्री-पोह्याची हातगाडी. पहाटेचे पाच. अजून अंधार आहे. बाई मोठ्या चाळणीतले भिजलेले पोहे मुठीत दाबते. मूठ उघडते, तर लाडू झालेला. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहते. मग समोर हमाल बसलेला आहे असं धरून बोलते.)

बसा भाऊ, दहा मिनिटं बसा. पहिला घाणा बिघडला. तुमच्या गाड्या साडेपाचला लागतात, माहीत आहे मला. उपाशीपोटी पोती नाही उचलू देणार तुम्हाला.

हे बघा. (मूठ पुढे करते.) भिजलेले पोहे मुठीत दाबले की एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत आणि मूठ उघडताच सुटे झाले पाहिजेत. याचा तर गोळा झाला! हात माझा तोच, पाणी तेवढंच. दोनदा धुतले, चाळणी तिरपी करून निथळले, पंधरा मिनिटं झाकून ठेवले. मग झालं काय?

(पोत्यात हात घालते. कोरडा पोहा बोटांत धरून कंदिलासमोर नेते.)

हा पातळ आहे जी. उजेड आरपार दिसतोय. काल संध्याकाळी पोतं घेताना मी वरची मूठ पाहिली, ती जाडी होती. मधल्या थरात हात घातलाच नाही. जाडा पोहा सावकाश पाणी पितो, पातळ घोटात पितो. पंधरा मिनिटं म्हणजे त्याला फार झाली. तो विरघळला आणि जाड्यालाही चिकटून बसला.

(परातीवर कोरडं धोतराचं कापड अंथरते. पोहे त्यावर पसरते, बोटांनी हलकेच मोकळे करते.)

हे फेकायचे नाहीत, तीन किलो आहेत. एका किलोत तेरा-चौदा प्लेटा होतात, म्हणजे चाळीस माणसांचा नाश्ता. असे पातळ पसरायचे, वारा लागू द्यायचा. चमचा अजिबात लावायचा नाही, चमच्याने लगदाच होतो. आता घरच्या डब्यातला अर्धा किलो जाडा पोहा वरून टाकते. कोरडाच, न धुता. यांच्यातलं जास्तीचं पाणी तो ओढून घेईल आणि स्वतःही मऊ होईल. दोघांचं काम होतं.

(झाकते. तर्रीच्या गंजाकडे वळते, पळी फिरवते.)

तोवर तर्री बघा. चने रात्री आठला भिजवले, तीनला उकडले. बोटाने चेपला की सालीसकट दबतो. कांदा, लसूण, भाजलेलं खोबरं तेल सुटेपर्यंत परतलं. तिखट टाकताना मात्र गॅस बंद करून टाकायचं. तापल्या तेलात ते जळतं, काळं पडतं आणि मग कितीही मीठ घाला, कडूपणा जात नाही. वरून पाणी उकळतंच घालायचं. गार घातलं की उकळी मोडते, लाल तवंग वर यायला उशीर लागतो. आणि तवंगाशिवाय ती तर्री कसली, बाप्पा!

(कापड उचलते. पुन्हा मूठ दाबते, हळूच उघडते. थोडा वेळ काहीच बोलत नाही.)

सुटले.

(हालचाल झपाट्याने. कढईत फोडणीचा आवाज.)

मोहरी, जिरं, हिरवी मिरची, कांदा. कांदा काचेसारखा झाला की हळद, मग पोहे. मीठ रोज दोन मुठी पडतं, आज पाच बोटांत मावेल तेवढं अजून. वाढलेल्या अर्ध्या किलोचा हिशेब धरायला हवा, नाहीतर तुम्हीच म्हणाल, मावशी, आज अळणी.

(उलथनं तळातून वर उचलत पोहे पातेल्यात भरते. पातेलं उकळत्या पाण्याच्या गंजावर ठेवते. झाकणाला आतून कोरडं फडकं बांधते.)

हे फडकं विसरले तर आत्ताची सगळी मेहनत पाण्यात. वाफेचं पाणी झाकणाला लागतं आणि थेंबथेंब परत पोह्यावर पडतं. वरचा थर पुन्हा लगदा! फडकं ते पाणी पिऊन घेतं. दर तासाला बदलायचं, ओलं झालं की तेही गळायला लागतं.

(लांबून ट्रकचा हॉर्न. ती प्लेट भरते. कोथिंबीर चिमटीत धरते.)

आला तुमचा ट्रक. सांबार घालते, कांदा घालते. तर्री थांबवा जरा. आधी नुसते पोहे दोन घास खाऊन बघा. दाणा दाणा लागतोय का सांगा, मगच दुसरा घाणा भिजवते.

(प्लेट पुढे धरून ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहते. प्रकाश हळूहळू उजळतो.)