खडीसाखरेचा एकच मोठा खडा : तिसरी बरणी, बारावा दिवस

पहिल्या बरणीत 200 ग्रॅम पाण्यात 600 ग्रॅम साखर घातली होती, गरम असताना सगळी विरघळली पण खोलीच्या तापमानाला आल्यावर चार दिवसांत तळाला आणि काचेला सगळीकडे पापुद्रा धरला आणि बीजाच्या खड्याचा नुसता घोस झाला. कारण साधं आहे, 28 अंशांना 200 ग्रॅम पाण्यात सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपासच साखर मावते, म्हंजे पावणेदोनशे ग्रॅम जादा, ती जागा मिळेल तिथे बसणारच.

म्हणून दुसऱ्या बरणीला साखर 500 ग्रॅमच घेतली. हा पाक साधारण 46-47 अंशांना बरोब्बर संपृक्त होतो, त्यावर साखर विरघळते, त्याखाली बसते. मी घाईत 55 अंशांनाच बीज सोडलं आणि तासाभरात तंगूस रिकामी, खडा विरघळून गेलेला!

तिसऱ्या बरणीलाही तेच माप. पातेलं पाकासकट परत तोललं, पाकाचं वजन 700 च्या जागी 681 भरलं, वाफेने 19 ग्रॅम पाणी उडालेलं, तेवढं उकळलेलं पाणी परत घातलं (हे न करता प्रमाणावर बोलण्यात अर्थ नाही). फार वेळ उकळायचं नाही आणि लिंबू तर अजिबात नको, पाक साखरू नये म्हणून आपण लिंबू पिळतो ना, त्याने साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि स्फटिक धरायला अडतो.

बीज म्हणून खडीसाखरेतला सपाट बाजूंचा छोटा खडा, 0.4 ग्रॅम, कोमट पाण्यात क्षणभर बुडवून वरची भुकटी धुतली, नाहीतर तेच कण तळाशी पडून वाढत बसतात. दोऱ्याच्या तुसांवरही स्फटिक धरतात म्हणून गुळगुळीत तंगूस. पाक 44 अंशांना आल्यावर सोडला.

आता जे बघायला मिळालं ते सांगतो. बरणीमागे टॉर्च धरून खड्याशेजारी नीट बघा, पाकात तापलेल्या रस्त्यावरच्या हवेसारख्या लहरी दिसतात. त्या खड्यावरून खाली उतरत असतील तर खडा विरघळतोय, कारण साखर मिसळून तिथला पाक जड होतो, आणि वर चढत असतील तर साखर खड्यावर बसतेय आणि साखर गमावलेला हलका पाक वर निघालाय. माझ्या लहरी अगदी बारीक पण वर चढत होत्या, मी अर्धा तास तिथेच बसलो.

मग बरणी टॉवेलात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात ठेवली म्हंजे हळूहळू थंड होईल. आज खडा 5.8 ग्रॅम, कडा धारदार, एकाच बाजूला छोटं पिल्लू धरलंय. फक्त दुपारी खोली 31 वर जाते तेव्हा लहरी जवळपास थांबतात आणि पहाटे परत सुरू होतात, म्हणून आजपासून डबा पलंगाखाली, फरशीच्या गारव्याला. पिल्लू ब्लेडने काढलं तर कुणाचा खडा तडकलाय का?