‘लवकर झोपा’ सांगणाऱ्यांनी एक प्रश्न विचारायला हवा होता

मी फोर्टमधल्या एका ऑफिसात आवक-जावक विभागात लिपिक आहे. राहायला मुलुंडला. गेली काही वर्षं मला सतत थकवा असायचा. दुपारी तीननंतर रजिस्टरमध्ये आवक क्रमांक लिहिताना डोळा एक ओळ सोडून खालच्या ओळीवर जायचा आणि पत्र एकाचं, क्रमांक दुसऱ्याचा, असं व्हायला लागलं. तेव्हा मात्र मी हे मनावर घेतलं.

आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १२.४, थायरॉइड ठीक, साखर ठीक. डॉक्टरांनी कागदावरून नजर फिरवली, ‘सगळं नॉर्मल आहे, लवकर झोपत जा’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. या वाक्याचा मला अजून राग आहे. ते चुकीचं नव्हतं, पण त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही.

मग मी स्वतःच दोन गोष्टी बदलायचं ठरवलं: नाश्ता आणि झोप. नाश्त्याचं काम मानाने सोपं निघालं. पूर्वी सकाळी सहाला दोन चमचे साखरेचा चहा आणि दोन खाऱ्या व्हायच्या, त्याही ओट्याशी उभ्यानेच. खारी म्हणजे मैदा आणि वनस्पती तूप. ती आणि चहातली साखर पटकन पचते, म्हणून साडेदहाला पोटात खड्डा पडायचा. मग कँटीनचा चहा-बिस्किटं, त्यावर पुन्हा तेच. आता रात्री अर्धी वाटी हिरवे मूग भिजत घालते. सकाळी आलं, मिरची, जिरं घालून वाटते, दोन धिरडी काढते आणि दह्याबरोबर खाते. अर्ध्या वाटी मुगात बरीच प्रथिनं असतात. ती सावकाश पचतात, त्यामुळे डबा उघडेपर्यंत काही लागत नाही. घाई असेल त्या दिवशी दोन उकडलेली अंडी आणि एक पोळी. नुसत्या पोह्यांनी हे होत नाही, मी करून पाहिलंय. त्यात मूठभर शेंगदाणे आणि मोड आलेली मटकी घातली तर होतं. दुपारची थोडी सुस्ती तरीही येते. तो शरीराचा रोजचाच उतार आहे, पण आता रजिस्टरची ओळ चुकत नाही.

अडलं ते झोपेशी. आमच्याकडे पाणी साडेपाचला येतं, त्यामुळे उठण्याची वेळ ठरलेली. झोपायला पावणेबारा-बारा व्हायचे. म्हणजे जेमतेम साडेपाच तास, आणि मोठ्या माणसाला निदान सात तरी लागतात. हिशेब सरळ होता: साडेदहाला आडवं व्हायचं. घरात सगळ्यांना सांगून जेवण साडेआठला आणलं, मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवला, दिवा बंद करून पडले. आणि बारापर्यंत पंख्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या आठवड्यातही तेच.

ज्याला सांगावं त्याच्याकडे एक उपाय. जाऊबाई म्हणाल्या हळदीचं दूध घे. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली पायाला तेल चोळ. पुन्हा डॉक्टरांकडे गेले, दीड तास बाकावर बसले, तर ‘टेन्शन घेऊ नका, पाहिजे तर झोपेची गोळी देतो’. गोळी मी नको म्हटलं. दिवसभर डोळे मिटत होते आणि रात्री अंथरुणावर पडलं की टक्क उघडे राहात होते. याला काहीतरी कारण असणारच, ते शोधायचं सोडून गोळी कशाला?

कारण सापडलं लेडीज डब्यात. आमच्या संध्याकाळच्या ग्रुपमध्ये एक ताई आहेत, परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. भांडुप आलं की रोज त्याच मला हलवून उठवायच्या. एकदा त्यांनी विचारलं, ‘अगं, तू रोज मशीद बंदरला डोळे मिटतेस ते भांडुपला उघडतेस. मग रात्री झोप येते का तुला?’ मी थक्क झाले. सीएसएमटीहून सहा-वीसची स्लो, खिडकीची जागा आणि पाऊण तासाची गाढ झोप. ती मी झोपेत कधी धरलीच नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं.

ताईंनी फार छान समजावलं. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि ते जितकं साठेल तितकी रात्री झोप ओढते. झोपलं की ते ओसरतं. म्हणजे भुकेसारखंच आहे, सातला वडापाव खाल्ला की साडेआठला ताट नकोसं होतं. मी संध्याकाळी सातला पाऊण तास झोपून रात्रीची भूक मारत होते. वर पाचचा ऑफिसचा चहा. चहातलं कॅफीन याच ॲडेनोसिनची वाट अडवतं, आणि पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं. म्हणजे साडेदहाला मी अंथरुणावर पडायचे तेव्हाही त्याचा अंमल चालूच असायचा.

कळलं, पण करणं जिवावर आलं. दिवसभर काम करून जागा मिळाली आणि डोळे मिटायचे नाहीत, हे काय असतं ते रोज लोकलने जाणाऱ्यांनाच कळेल. पहिल्या आठवड्यात कुर्ल्यापर्यंत मान आपोआप पडायची. मग मी दादरपर्यंत मुद्दाम उभी राहायला लागले. पुढे जागा मिळाली की मांडीवर पिशवी उघडून मेथी निवडायची, मटार सोलायचे. हातात काम असलं की डोळा लागत नाही. ताई समोर बसून लक्ष ठेवायच्या. तो आठवडा अंगातून जीव गेल्यासारखा गेला, कामावर आधीपेक्षा जास्त मरगळ. त्याच टप्प्यावर बहुतेक लोक सोडून देत असतील. मी टिकले याचा मला अभिमान आहे. पुढच्या आठवड्यात साडेदहाला पडले आणि पावणेअकरा कधी वाजले ते कळलं नाही. आता गजर वाजायच्या आधी जाग येते. झोप पुरते आहे हे मला त्यावरूनच कळतं.

दिवसा अगदीच डोळे मिटत असतील तर जेवणाच्या सुट्टीत, तीनच्या आत, पंधरा-वीस मिनिटं डोकं टेकावं. त्याने रात्रीची झोप मोडत नाही. शेवटचा चहा मी दोनला घेते. आणि अंथरुणात वीसेक मिनिटं झोप आली नाही तर तिथे तळमळत पडू नये. उठून मंद उजेडात बसावं, पेंग आली की परत जावं.

रविवारचं सांगायचं राहिलं. रविवारी साडेनऊपर्यंत लोळलं की त्या रात्री झोप लांबते आणि सोमवार पुन्हा जड जातो. म्हणून रविवारीही साडेसहाच्या पुढे मी जात नाही. उठल्याबरोबर गॅलरीत जाऊन उजेडात उभी राहते, त्याने शरीराचं घड्याळ जागेवर राहतं.

सकाळचा चहा सोडलेला नाही, फक्त धिरड्यानंतर तासाभराने घेते. चहातल्या टॅनिनमुळे कडधान्यातलं लोह अंगाला कमी लागतं, आणि बायकांना ते परवडत नाही. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर नुसत्या नाश्त्यावर विसंबू नका, औषध घ्या. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकून जाग येणं, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही असेल तर यातला एकही उपाय पुरणार नाही, नीट ऐकून घेणारा डॉक्टर गाठा. जाताना संध्याकाळच्या गाडीत किती झोपता तेही आपणहून सांगा, ते विचारणार नाहीत.

आणि हो, मे महिन्यात मूग बाहेर भिजत ठेवू नका, सकाळपर्यंत आंबूस वास येतो. फ्रिजमध्ये ठेवा, भिजतात व्यवस्थित.