हप्ता तोच होता, मुद्दल मात्र आटलं

जानेवारी २०२३ मध्ये ऑफिसनं करबचतीचे कागद मागितले, म्हणून घरकर्जाचा व्याजाचा दाखला काढला. त्या आर्थिक वर्षात भरायचे हप्ते २ लाख ३१ हजारांचे, त्यातलं मुद्दल साडेएकोणतीस हजार. बाकी सगळं व्याज. सुरुवातीला व्याज जास्त जातं हे ठाऊक होतं, पण इतकं? घर घेताना बँकेनं दिलेला परतफेडीचा तक्ता मी जपून ठेवला होता. त्यात त्या वर्षासाठी मुद्दल याच्या दुप्पट दिसत होतं.

कळंब्याकडच्या फ्लॅटसाठी २५ लाखांचं कर्ज, मुदत २० वर्षं, दर ६.९ टक्के, बदलता. हप्ता १९,२३३ रुपये. पहिला हप्ता जानेवारी २०२२ चा. तो महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून वळता व्हायचा, आकडा कधी बदलला नाही, म्हणून मीही कधी पाहिलं नाही. शिरोलीच्या फौंड्रीत रोज स्टॉक मोजणारा माणूस मी, आणि स्वतःच्या कर्जाचा उतारा वर्षभर उघडला नव्हता.

उतारा घेऊन बसलो तेव्हा मेव्हणा घरी होता. तो पतसंस्थेत कर्जविभागात आहे. म्हणाला, "दाजी, हप्ता बघू नका. हप्त्याच्या पोटात काय हाय ते बघा."

त्यानं हिशेब उसाच्या बिलावर समजावला. कारखान्याकडून बिल आलं की सोसायटी आधी आपलं पीककर्ज कापून घेते, उरेल ते शेतकऱ्याच्या हातात. हप्त्यातही आधी त्या महिन्याचं व्याज निघतं आणि उरलेलं मुद्दलात जमा होतं. मुद्दलाचा वाटा कुणी ठरवत नाही, तो उरतो. आणि व्याज काढायचं ते मूळ कर्जावर नाही, शिल्लक मुद्दलावर.

पहिल्या महिन्याचं घ्या. २५ लाखांवर ६.९ टक्क्यांनी वर्षाचं व्याज १,७२,५००, त्याचा बारावा भाग १४,३७५. हप्ता १९,२३३, म्हणजे मुद्दलात ४,८५८. पुढच्या महिन्यात शिल्लक तेवढी कमी, म्हणून व्याज २८ रुपयांनी कमी आणि मुद्दल २८ रुपयांनी जास्त. दरमहा एवढंच सरकतं. मूळ तक्त्यात दोन्ही वाटे बरोबरीला यायला १२१ वा हप्ता उजाडणार होता, म्हणजे पुरी दहा वर्षं. (बँक प्रत्यक्षात रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजते, त्यामुळे काही रुपये इकडेतिकडे होतात. मी इथे महिन्याचा सोपा हिशेब धरलाय.)

माझ्या उताऱ्यात मात्र वाटे उलटे सरकत होते. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं उसने देते तो, वाढवत नेला होता. तो ४ टक्क्यांवर होता, डिसेंबरपर्यंत ६.२५ झाला. माझा दर रेपोला बांधलेला, दर तीन महिन्यांनी बदलणारा. जुलैत ७.८ झाला तेव्हा मुद्दलात गेले ३,१७५. ऑक्टोबरात ८.८, मुद्दल १,१८७. जानेवारीत ९.१५, व्याज १८,७३७ आणि मुद्दल ४९६ रुपये. हप्ता तोच ठेवल्यामुळे वाढलेलं सगळं व्याज मुद्दलाच्या वाट्यातूनच कापलं जात होतं. कर्ज जुनं असतं तर हे एवढं झोंबलं नसतं. शिल्लक निम्म्यावर आली की तीच दरवाढ निम्मीच बोचते, शिवाय तोवर मुद्दलाचा वाटाही जाड झालेला असतो. माझं पहिलंच वर्ष होतं.

या चालीनं कर्ज कधी फिटणार, ते मेव्हण्यानं स्प्रेडशीटमध्ये काढलं:

```
=NPER(9.15%/12, -19233, 2457256)
```

उत्तर ४८१ हप्ते. अजून चाळीस वर्षं! माझं वय तेव्हा अडतीस. बायको म्हणाली, "म्हंजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वास्तुशांत घालायची का?"

शाखेत गेलो. तिथल्या मॅडमनी स्क्रीन पाहून सांगितलं, "साहेब, मुदत आपोआप वाढलीय." मला विचारलं का नाही, यावर संदेश पाठवला होता असं उत्तर आलं. मोबाईलवर संदेश होता खरा, पण त्यात फक्त नवा दर होता. मुदतीचं अक्षर नव्हतं. दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायलाच हवं, असं परिपत्रक रिझर्व्ह बँकेनं पुढे १८ ऑगस्ट २०२३ ला काढलं. व्याजही न भागेल असा हप्ता चालू ठेवायचा नाही, हेही त्यातच आलं. माझं काम त्याआधीचं.

फेब्रुवारीत रेपो ६.५ झाला. म्हणजे एप्रिलपासून माझा दर ९.४. शिल्लक २४,५५,७५५ राहणार होती आणि तिच्यावर महिन्याचं व्याज १९,२३७. हप्ता १९,२३३! चार रुपये कमी पडणार होते, मुद्दल फिटायच्या ऐवजी वाढणार होतं. हा कागद पुढे सरकवल्यावर मॅडम खुर्ची ओढून नीट बसल्या.

मूळ मुदतीत, म्हणजे उरलेल्या २२५ हप्त्यांत कर्ज संपवायचं तर हप्ता २३,२५५ करावा लागत होता. चार हजारांची वाढ जड होती. पण ते जवळजवळ सगळे थेट मुद्दलात जाणार होते, कारण व्याज आधीच भागलेलं. त्याशिवाय पोस्टातली एक लाखाची ठेव मार्चअखेर मोडून कर्जात भरली. बदलत्या दराच्या घरकर्जावर व्यक्तीला आगाऊ भरण्याचा दंड लागत नाही. अर्जात मात्र एक ओळ मेव्हण्यानं मुद्दाम लिहायला लावली: 'हप्ता कमी करू नये, मुदत कमी करावी.' ती नसती तर हप्ताच थोडा खाली आला असता आणि वाट्यांची चाल संथच राहिली असती.

त्या एका लाखामुळे महिन्याचं व्याज ७८३ रुपयांनी उतरलं, आणि तेवढीच रक्कम दरमहा मुद्दलात वाढली. हप्ते २२५ वरून २०३ वर आले. लाख रुपये घातले आणि पाच लाखांच्या वरचे हप्ते गेले. तेच लाख कर्जाच्या शेवटच्या वर्षात भरले असते तर पाचेक हप्तेच वाचले असते, कारण तिथं व्याज फारसं उरलेलंच नसतं.

२०२५ मध्ये दर उतरायला लागले. या वेळी मी तयारीत होतो. हप्ता २३,२५५ च ठेवा, असं आधीच लेखी देऊन पोच घेतली. आता उतरणारं व्याज मुद्दलाच्या बाजूला पडत होतं. दर ८.४ झाल्यावर जुलै २०२५ चा उतारा असा आला: व्याज १५,४७४, मुद्दल ७,७८१, उरलेले हप्ते १५७. मूळ तक्त्यात शेवटचा हप्ता डिसेंबर २०४१ चा होता, आता जुलै २०३८ चा दिसतो. बायकोनं फ्रीजवर तो आकडा चिकटवलाय. दर पुन्हा हलला की खोडून नवा लिहायचा, म्हणून पेन्सिलीनं.