फाटक सहाला उघडतं, तर निघायचं कधी?

श्रीनगरहून लेहला गाडीने निघालेल्या माणसाचं घड्याळ सोनमर्गपर्यंत त्याच्या स्वतःच्या हातात असतं. तिथून पुढे ते झोजीलाच्या ताब्यात जातं. खिंड ३,५२८ मीटरवर आहे. लडाखमधल्या इतर खिंडींच्या मानाने ही उंची काहीच नाही, पण काश्मीरच्या बाजूने तिचा चढ अंगावर येणारा आहे आणि रस्ता जागोजागी इतका अरुंद, की समोरासमोर आलेल्या दोन ट्रकांपैकी एकाने मागे सरकायचं म्हटलं तर सरकायला जागाच नसते. म्हणून वाहतूक पाळीपाळीने सोडतात. अमुक वेळात सोनमर्गकडून वर जाणाऱ्या गाड्या, मग पलीकडच्या मीनामर्गकडून येणाऱ्या. लहान गाड्यांची वेळ वेगळी, ट्रकांची वेगळी. हे वेळापत्रक कायमचं नसतं. उद्याचं काय ते वाहतूक पोलीस आज जाहीर करतात, आणि रात्री पाऊस झाला तर तेही सकाळी बदलतं.

तर आदल्या संध्याकाळी कळतं, की लहान गाड्या समजा सहा ते नऊ सोडणार आहेत. आता निघायचं किती वाजता?

वाटतं, यात काय विचारायचं? सहाला उघडणार, तर सहाला पोचायचं. आमच्याबरोबरच्या काकांचं मत वेगळं होतं. ते म्हणाले, "चारलाच जाऊन उभं राहू. पहिला नंबर." काकूंचं मत, आठपर्यंत गेलं तरी चालेल, नऊपर्यंत उघडं आहे ना! आमच्या ड्रायव्हरने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साब, या तो सबसे आगे लगो, या फिर आराम से सो जाओ. बीच में मत फँसो." तेव्हा ते मला कोड्यासारखं वाटलं. नंतर हिशेब करून पाहिला, तर माणूस शंभर टक्के बरोबर होता.

हिशेब असा. समजा सहा वाजता फाटकावर दोनशे गाड्या उभ्या आहेत. दांडा वर गेला म्हणजे दोनशेच्या दोनशे सुटल्या असं होत नाही. नुसत्या एकामागून एक सुटल्या, दोन गाड्यांत सहा सेकंदांचं अंतर धरलं, तरी शेवटची सुटायला वीस मिनिटं लागतात. त्यात पोलीस प्रत्येक गाडी थांबवून नंबर लिहून घेत असेल, कागद बघत असेल आणि त्यात वीस सेकंद जात असतील, तर शेवटच्या गाडीला सात वाजून सात मिनिटं होतात. म्हणजे सहाला तंतोतंत पोचलेल्या माणसाची खरी वेळ सात असते. तो तासभर रांगेत बसतो. तोच आठला आला असता तर, सगळं सुरळीत असल्यास, रिकाम्या फाटकातून न थांबता गेला असता.

खरी गंमत पुढे आहे. घाटात ओव्हरटेक नाही, निदान शहाण्या माणसाने करू नये. त्यामुळे सगळ्या तांड्याचा वेग सर्वांत हळू गाडी ठरवते. बालटालच्या वरच्या वळणांवर टपावर सामान बांधलेली, माणसांनी भरलेली एखादी टेम्पो ट्रॅव्हलर ताशी बारा किलोमीटरने चढायला लागली, की तिच्या मागची चाळिसावी गाडी आणि सत्तरावी गाडी यांत काडीचा फरक उरत नाही. दोघी तिच्याच शेपटीला. चाळिसाव्याने सत्तराव्यापेक्षा लवकर उठून मिळवलं काय, तर थोडी जास्त धूळ. ती संथ गाडी नेमकी कितव्या नंबरवर असेल हे आधी कळत नाही, पण जितकं मागे जावं तितकी ती आपल्या पुढे असण्याची शक्यता वाढत जाते. पहिल्या दहात असाल तर तुमच्यापुढे ती बहुधा नसते. खिंड मोकळी मिळते, माथ्यावरून गुमरीकडची उतरण सौम्य आहे, तिथे गाडी आपसूक पळते. आणि आठला आलात तर ती तासाभरापूर्वी वर गेलेली असते. मधल्या माणसाला मात्र दोन्ही भोगावं लागतं, रांगेतलं ताटकळणं आणि घाटातलं सरपटणंही.

काकूंचा पक्ष मग बरोबर ठरतो का? इथे मी काकांकडे झुकतो, आणि त्याचं कारण रांगेत नाही, फाटक बंद होण्यात आहे. दहा मिनिटं लवकर गेलात तर दहा मिनिटं जातात. दहा मिनिटं उशीर झाला तर पुढची पाळी येईपर्यंतचा सगळा वेळ जातो, आणि झोजीलावर ती दुसऱ्या दिवशी असू शकते. दर तासाला गाड्या सोडणारा रस्ता असता, तर उशिराचा दंड फार तर एक तास झाला असता आणि मीही काकूंबरोबर झोपलो असतो. नॉर्वेत नॉर्थ केपला जाणाऱ्या रस्त्याचे शेवटचे तेरा किलोमीटर हिवाळ्यात झोजीलासारखेच असतात. ठरलेल्या वेळी बर्फ ढकलणारी गाडी पुढे, तिच्या मागे सगळ्यांची रांग. तिथे हवा फार बिघडली तर तीही फेरी रद्द होते. किती आधी निघावं याचं उत्तर म्हणूनच रस्त्याच्या लांबीत शोधण्यात अर्थ नाही. ही फेरी चुकली तर पुढची कधी, हे आधी विचारावं आणि त्या मानाने हाताशी वेळ ठेवावा.

अजून एक गोष्ट नवख्या लोकांच्या लक्षात येत नाही. जाहीर झालेली वेळ फाटकाची असते, पण अडवणूक त्याच्या बरीच आधी सुरू होते. नऊला सोनमर्गचं फाटक बंद होणार असेल, तर जी गाडी नऊपर्यंत पोचूच शकत नाही तिला वर येऊ देऊन तिथे गर्दी करण्यात पोलिसांना रस नसतो. ते तिला खालीच, गांदरबलच्या बाजूला थांबवतात. श्रीनगर ते सोनमर्ग अंतर ऐंशी किलोमीटर, म्हणजे दोन-अडीच तास. पण "साडेसहाला निघालो की नऊला पोचतो" असा हिशेब श्रीनगरातल्या हॉटेलात करणारा माणूस सोनमर्गचं फाटक बघतही नाही. शेवटची वेळ नऊ असेल तर ती आपल्यासाठी आठ आहे असं समजावं. त्याहून बरं म्हणजे आदल्या रात्री सोनमर्गलाच मुक्काम करावा. २०२५च्या जानेवारीत गगनगीर ते सोनमर्ग हा बोगदा सुरू झाला, तेव्हापासून तिथवरचा रस्ता हिवाळ्यातही चालू असतो, त्यामुळे खालच्या टप्प्यातली अनिश्चितता बरीच कमी झाली आहे. खिंडीखालचा दुसरा बोगदा, तेरा किलोमीटरचा, अजून पूर्ण व्हायचा आहे.

लहान गाड्यांना सकाळ का देतात, हेही पाहण्यासारखं आहे. रात्रीच्या थंडीत बर्फ आवळून बसतो, सुटे दगड गोठून जागच्या जागी चिकटतात. ऊन वर आलं की ते सुटायला लागतात. रस्त्यावरून वाहणारे ओहोळ पहाटे घोट्याएवढे असतात. दुपारी वरचा बर्फ वितळून तिथेच चाक निम्मं बुडेल इतकं पाणी येतं आणि चिखल वेगळा. म्हणजे सकाळी सातला जो रस्ता आहे तो दुपारी दोनला नसतो. त्यामुळे वेळेची खिडकी सकाळची असेल, तर तिच्या पहिल्या अर्ध्यात जाणं हे रांगेपेक्षा पाण्याच्या दृष्टीनेही बरं. १९४८च्या नोव्हेंबरमध्ये जनरल थिमय्यांनी याच खिंडीतून रणगाडे वर चढवले. तो हल्लाही खराब हवेमुळे ठरल्या दिवशी होऊ शकला नव्हता. रणगाड्याला जे जमलं नाही ते भाड्याच्या इनोव्हाला कसं जमावं!

आम्ही पाचच्या सुमाराला जाऊन उभे राहिलो. पुढे बाराएक गाड्या. अंधार, इंजिनं बंद, प्रत्येक गाडीच्या मागच्या चाकाला एकेक धोंडा लावलेला. सहा वाजले. काहीच झालं नाही. सव्वासहा. काका खाली उतरून दांड्यापर्यंत चक्कर मारून आले, जणू तो त्यांना पाहून वर जाणार होता. उशीर का होतो ते मग कळलं. वर एक ट्रक बिघडला होता आणि पलीकडून रात्री सुटलेल्यांपैकी शेवटची गाडी अजून खाली आली नव्हती. ती येईपर्यंत इकडून एकही चाक सोडत नाहीत, घड्याळात काहीही वाजलेलं असो. त्या शेवटच्या गाडीचा नंबर वायरलेसवर आलेला असतो, आणि फाटकावरचा शिपाई उतरणाऱ्या गाड्यांची पाटी टॉर्च मारून बघत असतो. म्हणून फाटक उघडण्याची खूण घड्याळात शोधू नये, समोरून येणाऱ्या दिव्यांत शोधावी. ते दाट येतायत तोवर खुशाल पाय मोकळे करा. विरळ झाले, दोन गाड्यांत मिनिट-दोन मिनिटांचं अंतर पडायला लागलं, की गाडीत येऊन बसा.

हे शेवटचं वाक्य मी गंभीरपणे लिहितो आहे. मिळवलेला नंबर जातो तो इथेच. पुढची गाडी हलली, आणि आपला एक माणूस झाडामागे! मागचे दहा सेकंद हॉर्न देतात, मग बाजूने काढून घेतात. आमच्या समोर एक पांढरी गाडी अशीच उभी राहिली. तिच्या उघड्या दारापाशी एक आजी शांतपणे बुटाची नाडी बांधत होत्या. आम्ही त्यांच्या बाजूने गेलो, आमच्या मागचे गेले, त्यांच्या मागचेही गेले. मागे वळून पाहिलं तेव्हा आजी दुसऱ्या बुटावर होत्या.

सुटलो पावणेसातला. माथा ओलांडून मीनामर्गच्या चौकीवर आलो, तेव्हा उलट्या दिशेच्या गाड्यांची रांग तिथे लागलेली होती. ती पाहून काकांनी परतीचा बेत त्याच क्षणी बदलला. कारगिलला ठरलेला शेवटचा मुक्काम त्यांनी द्रासला आणला, कारण कारगिलहून द्रास साठेक किलोमीटर, म्हणजे तेवढं अंतर पहाटेच्या अंधारात कापायचं वाचतं. आणि श्रीनगरहून परतीचं विमान खिंड उतरू त्याच दिवशीचं होतं, ते दुसऱ्या दिवसावर ढकलायला लावलं. काकू म्हणाल्या, "पैसे कापतील." काका म्हणाले, "कापू देत. विमान आपल्यासाठी थांबणार आहे का? आणि झोजीला तर त्याच्यासाठीही उघडणार नाही." ड्रायव्हरने मान डोलावली आणि द्रासच्या हॉटेलला फोन लावायला घेतला. रेंज नव्हती.