आक्काच्या श्रद्धांजलीचा मसुदा

सांगली, उत्तरकार्याची आदली रात्र

उद्या जेवणाची पंगत बसण्यापूर्वी मी आक्काविषयी बोलावे, असे काकांनी ठरवले आहे. मंडपात ऐकणारे दोन तऱ्हेचे असतील. एकीकडे हरिपूरची भावकी, मार्केट यार्डातले जुने अडते आणि आक्काच्या भजनी मंडळातल्या बायका, तर दुसरीकडे न्यू जर्सीहून आलेली काकांची दोन मुले. मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि मुलगा दहा. दोघांना घरातले मराठी समजते, पण ते ‘जेवलास का’ आणि ‘इकडे ये’ एवढ्यापुरतेच. भाषणातले मराठी त्यांच्या डोक्यावरून जाते. म्हणून मधले काही परिच्छेद इंग्रजीत असावेत, एवढे आम्हा सर्वांना मान्य होते.

काकांचे म्हणणे असे होते की प्रत्येक मराठी परिच्छेदानंतर त्याचे इंग्रजी भाषांतर वाचावे, म्हणजे कोणालाही काही कमी पडणार नाही. मला ते पटले नाही. तसे केले तर भाषण दुप्पट लांबते आणि प्रत्येक श्रोता निम्मा वेळ नुसता बसून राहतो. शिवाय या दोन मंडळींना आक्काविषयी सांगायच्या गोष्टीच वेगळ्या आहेत. पेव म्हणजे काय, हे हरिपूरच्या माणसाला सांगायला लागलो तर तो हसेल. आणि दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर आजी कशी दिसत असे, हे त्या मुलांना सांगायला नको. म्हणून मी उलटे केले आहे. गावाला जे ठाऊक आहे ते इंग्रजीत, आणि परदेशातल्या मुलांना जे ठाऊक आहे ते मराठीत.

पेवाचा भाग लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला. मराठीत तो दोनच वाक्यांचा आहे: आजोबांच्या अडत दुकानाची हळद हरिपूरच्या पेवांत असे, आणि पेव उघडायच्या दिवशी आक्का स्वतः तेथे हजर राहत असे. तेवढ्यावर म्हातारी माणसे माना डोलावतील. मुलांसाठी मात्र सगळे पायापासून सांगावे लागते. जमिनीखाली खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे अरुंद आणि पोट आत रुंद. तळाला आणि कडेला वाळलेल्या पाचटाचे अस्तर. त्यात शिजवून, उन्हात वाळवून घेतलेली हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. अशी हळद कीड न लागता वर्षानुवर्षे टिकत असे. त्या बंद पोटातली हवा मात्र श्वास घेण्याजोगी राहत नाही. म्हणून तोंड फोडल्यावर बराच वेळ हवा खेळू देत आणि मग दोरीला कंदील बांधून खाली सोडत. कंदील विझला, तर कोणीही उतरायचे नाही. हमालांना घाई असे, दारात ट्रक उभा असे, तरी दोरी आक्काच्या हातात असली की तिचा शब्द शेवटचा असे.

पहिल्या खर्ड्यात मी हे सगळे इंग्रजीत घातले होते, पण मुलीने ते मोठ्याने वाचून पाहिले तेव्हा अस्तर आणि लिंपण यांतच तिचा श्वास संपला. मग फक्त कंदील ठेवला. ती उद्या जे वाचणार आहे ते इतकेच आहे: ‘आजी केप्ट टर्मरिक इन पिट्स अंडर द ग्राउंड. द एअर डाउन देअर कुड किल यू. सो बिफोर एनीवन क्लाइम्ड इन, शी लोअर्ड अ लँटर्न ऑन अ रोप. इफ इट वेंट आउट, नोबडी वेंट डाउन, नो मॅटर हू वॉज शाउटिंग.’ वाक्ये मुद्दाम आखूड ठेवली आहेत, कारण ती माइकवरून, मंडपातल्या पंख्यांच्या आवाजात ऐकायची आहेत. कागदावर प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर छापले आहे, म्हणजे वाचताना ओळ संपली की आपोआप थांबणे होते. 2005 च्या पुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरले, त्यांत आमचेही होते आणि त्यानंतर आजोबांनी तो व्याप बंद केला. पण हे मी इंग्रजीत ठेवले नाही. कंदिलावर थांबलेल्या गोष्टीला नुकसानीचे शेपूट जोडले, की मुलांच्या ध्यानात नुकसानच राहते.

मराठी भागात मी व्हिडिओ कॉलची आक्का सांगणार आहे, कारण ती गावाने पाहिलेली नाही. बोलायला काही उरले नाही, की ती फोन ओट्यावर तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवत असे आणि आपले काम करत राहत असे. तिकडे रात्र झालेली असे आणि नातू गृहपाठ करत बसलेला असे. कधी कधी अर्धा अर्धा तास दोघेही एकमेकांशी अक्षर बोलत नसत. काकू सांगते, की तो फोन बंद करू देत नसे. हे ऐकून भजनी मंडळातल्या बायकांना नवल वाटेल, कारण त्यांना ठाऊक असलेली आक्का क्षणभर गप्प बसणारी नव्हती.

दोन्ही बाजूंना सारखीच ठाऊक असलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे 2019 चा पूर. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले होते आणि आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो. आक्का फोन जिन्याकडे धरून नातवंडांना बुडालेल्या पायऱ्या मोजायला लावत असे. येथे मी दोन्ही भाषा एकाच परिच्छेदात आणल्या आहेत: मी मराठीत पाण्याची पातळी सांगायची आणि धाकट्याने इंग्रजीत त्या दिवशीच्या पायऱ्यांचा आकडा. तेव्हा तो अगदीच लहान होता, पण ते मोजणे त्याला आठवते, असे तो सांगतो. बहिणीने सांगून सांगून ते आठवत असेल, असा मला संशय आहे, पण तो मी बोलून दाखवला नाही.

एक खबरदारी घ्यावी लागली. पायऱ्यांच्या भागात मुले हसण्याची शक्यता आहे, आणि उत्तरकार्याच्या मंडपात न कळलेल्या भाषेवर हसू फुटले तर आक्काची थोरली जाऊ ते मनाला लावून घेईल. म्हणून प्रत्येक इंग्रजी तुकड्याआधी मी मराठीत एक ओळ घातली आहे: आता नात पेवाच्या कंदिलाची गोष्ट सांगते आहे, आता नातू पायऱ्या मोजतो आहे. एवढे कळले की म्हातारी माणसे चेहरे वाचून बाकीचे ओळखतात. इंग्रजीचा कोणताही तुकडा पाऊण मिनिटापेक्षा लांब नाही. त्यापुढे गेले, की मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते.

‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो’ ही वाक्ये शेवटी मराठीतच राहतील. ती त्याच शब्दांत ऐकण्याची माणसांना सवय आहे आणि त्यांत बदल केलेला काकांना चालणार नाही. मुलीला एक मराठी वाक्य स्वतः म्हणायचे होते. तिला देवनागरी वाचता येत नाही आणि रोमन लिपीत लिहून दिले तर ‘हळद’चा ‘हॅलड’ होतो, म्हणून मी ते वाक्य सावकाश म्हणून तिच्या फोनमध्ये ध्वनिमुद्रित करून दिले आहे. ‘आजीच्या हाताला नेहमी हळदीचा वास येत असे’, असे ते आहे. संध्याकाळपासून ती ते गच्चीवर फिरत म्हणते आहे. ळ अजून बसलेला नाही. तो उद्या तसाच राहिला तरी चालेल, असे मी तिला सांगितले. तिने मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकायला लागली.